टिप्याच्या मानेतल्या ग्रंथी

प्रिय सुधीर,

तुझ्या कॉकर कुत्र्याच्या, टिप्याच्या, तोंडातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट मिळाला. मेलानोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, म्हटलं की काळी गाठ, आणि टिप्याची तर गुलाबी, म्हणून तुला अजून विश्वास बसत नाहीये. पण कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलानोमापैकी जवळजवळ एक तृतीयांश गाठींमध्ये रंग नसतोच. सुरुवातीला सगळ्यांनी ती वाढलेली हिरडी समजली, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पॅथॉलॉजिस्टने मेलन-ए आणि पीएनएल२ हे खास रंग वापरून नक्की केलं आहे, तेव्हा निदानावर वेळ घालवू नकोस.

मला बोलायचंय ते तुझ्या एका वाक्याबद्दल: "गळ्याखालच्या लिम्फ ग्रंथी हाताला नॉर्मल लागल्या, म्हणजे पसरलेलं नाही." या वाक्याच्या आधारावर तू पुढचं सगळं ठरवायला निघाला आहेस, आणि तो आधार कच्चा आहे.

तोंडाच्या मेलानोमाच्या शंभर कुत्र्यांवर २००३ साली झालेला एक अभ्यास आम्हा प्राण्यांच्या डॉक्टरांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. ज्यांच्या जबड्याखालच्या ग्रंथी आकाराने नॉर्मल होत्या, त्यांच्यातल्या ४० टक्के कुत्र्यांच्या ग्रंथींत कॅन्सरच्या पेशी सापडल्या. उलट, ग्रंथी वाढलेल्या असूनही पाचातल्या जवळजवळ दोघांच्या ग्रंथींत काहीच नव्हतं, कारण किडलेल्या दातांमुळे किंवा गाठीवरच्या जखमेमुळेही त्या सुजतात. म्हणजे नुसत्या हाताने चाचपून आजाराचा टप्पा ठरवणं हे जवळजवळ छापा-काटा करण्यासारखंच आहे.

त्यात आणखी एक मेख आहे. हाताला लागते ती फक्त जबड्याच्या कोनाजवळची ग्रंथी. तोंडातल्या लिम्फ द्रवाचा निचरा पुढे घशामागच्या ग्रंथीत जातो, आणि ती मानेत खोलवर, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून असते. ती कुणाच्याच बोटांना लागत नाही. शिवाय गाठ डावीकडे असली तरी पेशी कधीकधी उजवीकडच्या ग्रंथीत जातात. म्हणून टिप्याचं डोकं, मान आणि छाती यांचा एकत्र सीटी स्कॅन करून घे, आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथींतून सुईने नमुना घ्यायला सांग. सुईच्या नमुन्यातही फसगत होते. काळा रंग गिळलेल्या साध्या साफसफाईच्या पेशी ग्रंथीत असतात, त्या पाहून कुणी "मेलानोमा पसरला" म्हणू शकतं. आणि टिप्यासारख्या रंगहीन गाठीत खरी पेशी इतर पेशींसारखीच दिसून नजरेतून सुटू शकते. त्यामुळे सुईने "निगेटिव्ह" आलं तरी मी ऑपरेशनच्या वेळीच त्या बाजूची जबड्याखालची आणि घशामागची ग्रंथी काढून, बारीक काप करून तपासायला पाठवायचा आग्रह धरेन. जाणकार सर्जनला हे वाढीव काम जड नाही.

आता टिप्याचा हिशोब. गाठ २.४ सेंटीमीटर. दोन सेंटीमीटरच्या आतली असती तर पहिला टप्पा, दोन ते चार म्हणजे दुसरा, चारच्या वर गेली किंवा ग्रंथीत सापडलं की तिसरा, आणि फुप्फुसात गेलं की चौथा. हे मोजमाप बारा किलोच्या टिप्याला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला एकच लावतात, हे मला कधीच पटलेलं नाही. टिप्याच्या जबड्यात २.४ म्हणजे बरीच मोठी.

ऑपरेशनमध्ये गाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन सेंटीमीटर निरोगी भाग, हाडासकट, काढावा लागतो. २.४ अधिक चार, म्हणजे साडेसहाच्या आसपास. कॉकरच्या खालच्या जबड्याची एक बाजू बरीचशी संपली. सर्जन तुला "अर्धा जबडा काढू" म्हणाला तर घाबरू नकोस, तो जास्तीचं काही करत नाहीये. कुत्री यातून वाटतं त्यापेक्षा लवकर सावरतात आणि बहुतेक एक-दोन दिवसांत मऊ खायला लागतात. लाळ जास्त गळते, जीभ त्या बाजूला लोंबते. एका गोष्टीवर लक्ष ठेव: उरलेला जबडा हळूहळू काढलेल्या बाजूकडे सरकतो, आणि त्याचा खालचा सुळा टाळूला टोचू लागतो. तोंड उघडून टाळूवर लाल खड्डा दिसतो का ते बघत जा. दिसला तर सुळा आखूड करतात किंवा काढतात.

रेडिएशन कधी? काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त आल्या नाहीत, किंवा ग्रंथीत सापडलं, किंवा तुला ऑपरेशन नकोच असेल तेव्हा. मेलानोमाच्या पेशी रोजच्या छोट्या डोसला फारशा दाद देत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा मोठा डोस, सहा ते नऊ ग्रे, असे चार ते सहा वेळा देतात. प्रत्येक वेळी थोडी भूल लागते, कारण कुत्र्याने हलायचं नसतं. बहुतेक गाठी आक्रसतात, अनेक डोळ्यांना दिसेनाशाही होतात, पण त्या परत येतात किंवा आजार दुसरीकडे डोकं काढतो. नुसत्या रेडिएशनवर बऱ्याच अभ्यासांत जगण्याच्या काळाचा मध्य पाच ते बारा महिन्यांच्या दरम्यान येतो.

आणि तू सरळ विचारलंस, किती दिवस? जुन्या पुस्तकांत ऑपरेशननंतर पहिल्या टप्प्याला दीड वर्ष, दुसऱ्याला पाच-सहा महिने, तिसऱ्याला तीन महिने असं दिलेलं सापडेल. २०१४ च्या ७० कुत्र्यांच्या अभ्यासात पहिल्या दोन टप्प्यांचा मध्य दोन वर्षांच्या पुढे आला, आणि तिसऱ्याचा साधारण सात महिने. एवढा फरक का? ऑपरेशनचं तंत्र सुधारलं, निवडक कुत्री घेतली, हे आहेच. पण मला वाटतं, मोठं कारण ग्रंथीच आहेत. ज्या काळात कुणी ग्रंथी काढून बघतच नव्हतं, तेव्हा "दुसऱ्या टप्प्यात" लपलेले तिसऱ्या टप्प्याचे बरेच कुत्रे असणार, आणि त्यांनी तो आकडा खाली ओढला. त्यामुळे टिप्याला कुठला आकडा लावायचा, हे त्याच्या ग्रंथी तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय मध्य म्हणजे निम्मी कुत्री त्याआधीच गेली आणि निम्मी त्याच्यापुढे जगली. तो वायदा नाही.

मेलानोमाच्या लसीबद्दलही विचारलंस. अमेरिकेत तिला २०१० मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, ती सुरक्षित आहे, पण आयुष्य वाढतं की नाही यावर अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. केमोचाही ठोस फायदा दिसलेला नाही. माझ्या लेखी ऑपरेशन आणि ग्रंथी आधी, बाकी नंतर.

तोंडातलं नियंत्रणात राहिलं तरी बहुतेकांना शेवटी फुप्फुसातला प्रसार घेऊन जातो. म्हणून दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे. घरी झोपेतला श्वास मोज. तो मिनिटाला तीसच्या वर राहू लागला किंवा खोकला सुरू झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.

सीटीची तारीख ठरली की कळव. रिपोर्टमध्ये पेशींचं विभाजन किती वेगाने चाललंय हा आकडा लिहिलेला नाही, तो पॅथॉलॉजिस्टकडून मागवून घे. सूक्ष्मदर्शकाच्या दहा दृश्यक्षेत्रांत चारच्या खाली असेल तर मला जरा बरं वाटेल.

तुझा,
विनय