बाई, ती हिंगाची डबी तुम्ही वाचलीत म्हणून

आदरणीय बाई,

जूनमध्ये मी तुम्हाला घाईघाईत सांगितलं होतं, लेकीला सिलिअ‍ॅक आहे, गहू चालत नाही. तुम्ही विचारलंत, "म्हणजे पोळी-बिस्किट नको, एवढंच ना?" मी हो म्हणून निघाले. तिथे चूक माझीच झाली.

मग ऑगस्टमध्ये ती शाळेतली खिचडी खाऊन आली. डाळ-तांदूळच तर, असं तिलाही वाटलं. रात्री पोट फुगलं, पुढे दोन दिवस जुलाब. मला संशय शेजारणीच्या डब्याचा. तुम्ही मात्र खिचडी करणाऱ्या ताईंकडे जाऊन फोडणीचं सगळं सामान पाहिलंत आणि हिंगाच्या डबीचा फोटो पाठवलात. घटकांत 'मैदा' लिहिलेलं होतं! बाजारातला बांधानी हिंग बहुधा असाच असतो. घरी मी कधीच बंद केलेला, पण तुम्हाला सांगायचं सुचलं नव्हतं.

तेव्हा राहिलेलं आता सांगते. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतली बारीक लव झडून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. दोन वर्षं तिचं वजन हललं नव्हतं ते यामुळेच. ही अ‍ॅलर्जी नव्हे. लगेच घसा सुजत नाही. त्रास काही तासांनी होतो, कधी दिसतही नाही, पण आतडं दुखावतंच. म्हणून "एक घास खाऊन बघ" चालत नाही. दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुतेकांना झेपतं असं मानतात, आणि चिमूटभर कणकेत त्याहून जास्त असतं.

डब्यात भाकरी असते, तीही घरच्या घंटीवर दळलेल्या ज्वारीची, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असतो. तुम्ही तिला बाकाच्या कडेला बसवून खाली तिचा रुमाल अंथरायला लावता, शेजारच्या पोळीचा चुरा भाकरीवर पडू नये म्हणून. पण तिला वेगळं बसवलं नाहीत, मैत्रिणीशेजारीच ठेवलंत. याचं मला फार बरं वाटलं. हस्तकलेची मैद्याची खळही तुम्ही बदललीत. खळ हाताला लागून काही होत नाही, पण बोटं तोंडात जातात. सरस्वतीपूजनाचा शिरा तिच्यापुढे आला, तेव्हा "रवा गव्हाचाच" हे तुम्हीच सांगितलंत. निम्म्या मोठ्या माणसांना हे माहीत नसतं, माझ्या सासूबाईंनाही नव्हतं.

एकच विनंती. तुम्ही रजेवर असाल तेव्हा बदली बाईंना खिचडीचं आणि वाढदिवसाच्या केकचं तेवढं सांगून ठेवा. पोट दुखतं म्हणाली तर शौचालयाला लगेच सोडावं आणि मला फोन करावा.

केकऐवजी तिला द्यायला तुमच्या कपाटात ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की संपली म्हणे. उद्या तिच्याबरोबर नवं पाकीट पाठवते.

तुमची,
तिसऱ्या बाकावरच्या मुलीची आई