ओवीच्या डोक्याविषयी आई-बाबांना पत्र

राजारामपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गडहिंग्लजहून एसटीने पाठवलेले लोणचे आणि ओवीसाठी शिवलेली मोहरीची उशी दोन्ही मिळाले. लोणचे उघडले आहे, उशी मात्र वापरलेली नाही. त्याचे कारण फोनवर नीट सांगता आले नाही आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघे इथे राहायला येणार आहात, म्हणून लिहितो.

ओवीच्या डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झाली आहे हे सर्वांत आधी तुझ्याच लक्षात आले. तू गेल्यावर आम्ही तिला मांडीवर बसवून डोक्याकडे वरून पाहिले, तेव्हा उजवा कान डाव्यापेक्षा किंचित पुढे आलेला आणि उजवे कपाळही जरा पुढे झुकलेले दिसले. डॉक्टरांनी कवटीच्या सांध्यांवरून बोटे फिरवली आणि कुठे कडक उंचवटा लागत नाही ना, हे पाहिले. सांधा वेळेआधी जुळून आला असता तर तसा उंचवटा लागला असता, आणि चपट्या बाजूचा कान बहुधा पुढे न येता मागे ओढलेला दिसला असता. तसे काही नसल्यामुळे हा चपटेपणा केवळ एकाच जागी दाब पडल्याने आला आहे आणि त्याचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होत नाही, असे त्यांनी सांगितले.

मग दाब एकाच जागी का पडला? ओवी नेहमी उजवीकडेच पाहते. तिच्या पाळण्याच्या डाव्या हाताला भिंत आहे, तर उजव्या हाताला आमचा पलंग, दार आणि माणसे. त्यातच तिच्या मानेच्या डाव्या बाजूचा स्नायू थोडा आखडलेला निघाला, त्यामुळे डावीकडे वळणे तिला जडच जात होते. आता आम्ही तिला पाळण्यात उलट्या दिशेने, म्हणजे पूर्वी पाय असायचे तिकडे डोके करून निजवतो, म्हणजे खोली तिच्या डावीकडे येते. मानेचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला आहे. तो आम्हीच करू. मालीश करणाऱ्या मावशींना डोके दाबून गोल करू नका, एवढे आई तूच सांग, माझे त्या ऐकत नाहीत.

बाबा, तुम्ही विचारलेत की पाठीवर झोपवल्याने डोके चपटे होत असेल, तर पालथे का निजवू नये. पालथ्या झोपलेल्या तान्ह्या बाळाचे नाक अंथरुणात दबले, तर सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेत राहते, आणि त्या स्थितीत त्याला जागही सहज येत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. चपट्या डोक्याची बाळे अधिक दिसू लागली तीही त्यानंतरच. हा व्यवहार मला मान्य आहे. त्यामुळे दिवसा असो वा रात्री, झोप पाठीवरच, सपाट टणक गादीवर आणि उशीशिवाय. मोहरीची उशी मऊ असो वा घट्ट, तिच्यावरून मान पुढे दुमडू शकते किंवा तोंड तिच्यात रुतू शकते.

पालथे घालायचे ते ती जागी असताना आणि आपण समोर बसलेले असताना. दूध पाजल्यावर लगेच नको, ती उलटी करते. दुपटे बदलल्यानंतरची वेळ आम्हाला सोयीची वाटली. पहिल्या दिवशी ती एका मिनिटात रडली. मग छातीखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून दोन्ही हात पुढे काढले आणि मी जमिनीवर पालथा पडून तिच्या डावीकडून बोलत राहिलो, तेव्हा ती तीन मिनिटे टिकली. असे दोन-तीन मिनिटांचे पाच-सहा हप्ते रोज होतात. हळूहळू दिवसभराचा अर्धा तास भरायचा आहे. बाबांच्या छातीवर पालथे ठेवले तरी ते मोजता येते, पण बाबांनीही तेव्हा झोपायचे नाही! ओवीला मध्येच डुलकी लागली तर तिला उचलून पाळण्यात पाठीवर ठेवा.

केवळ पालथे घालून आलेला चपटेपणा पुसला जात नाही. चपट्या जागेवरचा दाब हटला की वाढते डोकेच ती जागा भरत आणते, आणि ही वाढ पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. ओवी आज अकरा आठवड्यांची आहे, म्हणून घाई आहे. थोडासा सपाटपणा उरलाच तर तो केसांखाली जाईल. दर रविवारी आम्ही वरून एक फोटो काढतो. कानांतला फरक वाढताना दिसला किंवा मान वळेनाशी झाली, तर चौथ्या महिन्याची वाट न पाहता पुन्हा दाखवायचे ठरले आहे.

तुम्ही येताना पाळण्यासाठी मऊ गोधडी आणू नका. ती मांडीवर घ्यायला चालेल. उशीतली मोहरी स्वच्छ आहे, तिची फोडणी आईनेच द्यावी.

तुमचा,
अभि