फोडणीच्या भाताची चौकशी

प्रिय दिलीप,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग जरा काळजी वाटली. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तू रविवारी एकदाच स्वयंपाक करून शुक्रवारपर्यंत खातोस म्हणे! वर फोडणीच्या भातातले शेंगदाणे खवट होते म्हणून उलट्या झाल्या, असा निकालही तूच देऊन टाकलास. शेंगदाण्यांना उगीच शिव्या घालू नकोस. बावीस वर्षं कारखान्याचं कँटीन सांभाळलेल्या माणसाला विचारशील तर संशयित भात आहे.

तूच लिहिलंस ते ओळीने मांडून बघ. शनिवारी रात्री आठला कुकर उतरवला. दोन घास खाल्ले, उरलेला भात डब्यातच, झाकणासकट कुकरमध्ये राहिला. सकाळी नऊला त्याचा कांदा-मिरची घालून फोडणीचा भात केलास आणि अकराच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. म्हणजे तेरा तास भात ओट्यावर होता, त्यातला बराच वेळ कोमट.

तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत, नुसते दबा धरून बसतात. भात कोमट झाला की जागे होतात, वाढतात आणि वाढताना भातात विष सोडतात. खाल्ल्यावर एक ते पाच-सहा तासांत मळमळ आणि उलट्या होतात. तुझे दोन तास त्यात बरोबर बसतात. आणि खरी गोम अशी की हे विष १२१ अंशाला दीड तास तापवलं तरी टिकतं. शिट्टी देणारा कुकर जेमतेम तिथवर पोचतो, तर तुझ्या कढईतल्या पाच मिनिटांनी त्याचं काय बिघडणार? बरं, अशा भाताला वास येईलच असंही नाही. तार सुटलेला, आंबूस भात आपण टाकतोच. हा मात्र मोकळा आणि छान दिसतो.

तू म्हणशील, आपल्या आज्या रात्रीच्याच भाताचा फोडणीचा भात करायच्या, आपण काय मेलो? नाही मेलो. प्रत्येक पातेल्यात विष तयार होण्याइतकी वाढ होत नाही. भात थोडाच उरायचा, लवकर निवायचा. शिवाय पोट बिघडलंच तर आपण उन्हाला किंवा कैरीला दोष देऊन मोकळे व्हायचो. फोडणीचा भात सोडू नकोस, मीही सोडलेला नाही. फक्त तो फ्रीजमधल्या भाताचा कर.

त्यासाठी जेवायला बसण्याआधीच उरणारा भात परातीत पसर. पंख्याखाली वीस मिनिटांत वाफ जाते. मग पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये टाक. शिजल्यापासून तासाभरात आत गेला पाहिजे. पूर्ण गार व्हायची वाट बघू नकोस, हाताला किंचित कोमट लागला तरी चालतो. तो तिथे किती टिकतो, यावर मोठ्या संस्थांचंही एकमत नाही. ब्रिटनची अन्न मानक संस्था भाताला २४ तास देते, अमेरिकेचं कृषी खातं उरलेल्या शिजवलेल्या अन्नाला ३ ते ४ दिवस. मी ब्रिटनच्या बाजूचा. रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी संपवायचा. एकट्या माणसाचा अर्धी वाटी तांदळाचा भात व्हायला वेळ तो किती लागतो? तू भात रोज ताजाच लाव.

वरणाची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि तुझ्या सोयीची. डाळीच्या किंवा उसळीच्या खोल पातेल्यात वरचा थर निवतो, पण मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा एक जिवाणू माजू शकतो. पण त्याचा त्रास होतो तो जिवंत जिवाणू भरमसाठ पोटात गेल्यावर. ते जिवाणू खळखळून उकळल्यावर मरतात. म्हणजे वरणाला नीट तापवणं तारतं, रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला तारत नाही. म्हणून बाहेर राहिलेलं वरण खुशाल उकळून खा, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन तासांच्या आत तेही फ्रीजमध्ये जायला हवं, उन्हाळ्यात तासाभरातच.

कँटीनमध्ये आम्ही मोठं पातेलं पाण्याच्या टबात ठेवून डावाने ढवळायचो. तुझ्या चार वाट्यांसाठी दोन उथळ डबे पुरेत. डाळ बिनफोडणीची घट्ट शिजवून ठेव, ३ दिवस चालते. रविवारची बुधवारी संपली पाहिजे. गुरुवार-शुक्रवारचा वाटा रविवारीच फ्रीझरमध्ये टाक आणि आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरव, ओट्यावर नाही. खायच्या वेळी तेवढीच काढ, पाणी घालून सैल कर आणि ढवळत उकळ. घट्ट वरण कडेला बुडबुडे देतं आणि मधे गारच असतं, त्यावर फसू नकोस. मधोमध खळखळलं की मिनिटभर राहू दे, वर ताजी फोडणी घाल. पुन्हा तापवणं एकदाच. रोज अख्खा डबा गरम करून परत आत ठेवलास, तर दर खेपेला तो कोमट अवस्थेतून दोनदा जातो.

भाज्यांचं फार काही नाही. फ्लॉवर, कोबी, फरसबी अशा परतलेल्या भाज्या २ ते ३ दिवस. ओलं खोबरं किंवा दही घातलेली भाजी मी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाही, म्हणून खोबरं आयत्या वेळी पेरतो.

मायक्रोवेव्ह वापरतोस ना? त्यात अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. ताटलीत पसर, पाण्याचा हबका मार, झाकण ठेव, अर्ध्यावर काढून ढवळ, आणि झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू दे. कँटीनमध्ये आम्ही थर्मामीटर मधोमध खुपसून ७५ अंश बघायचो. तुझ्याकडे नसेल तर मधला घास वाफाळता हवा, नुसता कोमट नको.

आणि एक काम करच. फ्रीजचा थर्मामीटर आणून रात्रभर मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात ठेव. सकाळी ४ ते ५ अंश दाखवायला हवेत. माझ्या घरी ९ निघाले होते, दाराचं रबर सैल झालेलं! तुझ्याकडे तसं निघालं, तर वर सांगितलेले दिवस विसर आणि आधी रबर बदल.

आता तुझा शेवटचा प्रश्न, घरात उरलेल्यातलं काय खायचं आणि काय टाकायचं. सोमवारी रात्री केलेली फ्लॉवरची भाजी लगेच आत ठेवली असशील, तर गुरुवारी दुपारी कडकडीत गरम करून संपव. रविवारचं वरण वास घेऊन ठरवू नकोस, आज बुधवार आहे, गुरुवारी उरलं तर टाकून दे. आणि त्या कुकरच्या डब्यात शनिवारचा भात अजून असेल, तर तो कुत्र्यालाही घालू नकोस.

वहिनी आल्या की कळव. नातवाला बघायला येईन, आणि फोडणीचा भात मी करीन.

तुझा,
मोहन