केळीवाल्या काकांना, हडपसर मंडईतून

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत बसणाऱ्यातले नाही, हे ठाऊक आहे. नातीकडून वाचून घ्या. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते मंडईत कुणी कुणाला सहसा सांगत नाही. शेजारच्या गाळ्याचं गिऱ्हाईक वाढावं म्हणून आपला घसा झिजवणारा माणूस विरळाच.

आमच्या सासऱ्यांची आरोळी तुम्हीच जास्त वर्षं ऐकलीत. “नको घासाघीस, सीताफळ पाव किलो वीस!” भाव वीस होता तोवर काही अडलं नाही. मग एका हंगामात माल महाग झाला आणि पाव किलो तीसवर गेला. वीसच्या जागी तीस घातलं तरी यमक जुळलेलंच राहिलं, म्हणून मीही तीच ओरडत राहिले. आणि गिऱ्हाईक यायचं ते हातात विसाची नोट काढूनच. “अहो ताई, वीस म्हणालात ना?” एक-दोघांचं ठीक आहे, पण रोजचं व्हायला लागलं. काही जण तर फसवल्यासारखं बघून निघून जायचे. मला वाटलं, लोक मुद्दाम करतात.

तुम्ही मला गल्ल्यावरून उठवलंत आणि गाडीतळाच्या बाजूच्या तोंडाशी जाऊन उभी राहा म्हणालात. माझ्या टोपलीमागे तुम्ही बसलात आणि माझीच आरोळी दिलीत, एकदा वीस लावून, एकदा तीस लावून. रिक्षांचे हॉर्न, बसचं इंजिन, पलीकडे कांद्याचा लिलाव झाल्यागत गोंधळ. मला दोन्ही वेळा ऐकू आलं ते एकच, “...ई...ईस!” त ऐकू आला नाही, व ऐकू आला नाही. परत आल्यावर तुम्ही म्हणालात, “लांब जातो तो स्वर. व्यंजनं वाटेत गळतात. आणि यमक शेवट सांभाळतं, पोरी, सुरुवात नाही.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. घासाघीस ऐकून कान पुढच्या ‘ईस’ची वाट बघतो, पण वीस आणि तीस दोघांचाही शेवट तोच. म्हणजे यमक जितकं चोख, तितका घोटाळा पक्का. वर जुन्या गिऱ्हाइकाला विसाची सवय, मग ते वीसच ऐकणार. मी आणखी जोरात ओरडून बघितलं असतं तरी फरक पडला नसता, ‘ई’ फक्त मोठी झाली असती.

उपाय तुम्ही आवाजात नाही, वजनात शोधलात, याचं मला अजून कौतुक वाटतं. भाव तोच, किलोला एकशेवीस. पावाचे तीस सांगण्याऐवजी अर्ध्याचे साठ सांग, म्हणालात. साठ लांबून आठसारखा वाटला तरी सीताफळं कुणी आठ रुपयाला अर्धा किलो देत नाही, त्यामुळे कान आपोआप बरोबर लावून घेतो. आणि ज्यांना पाव हवं ते मागतातच. उलट अर्धा नेणारे वाढले, हा वरचा फायदा.

दुसरी गोष्ट होती तोंड उघडण्याची. ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणताना तोंड आखडतं, ‘आ’ला सताड उघडतं आणि आवाज पुढे फेकला जातो. ‘साठ’वर थांबलं तर ठ आवाज तोडून टाकतो. पण भाव सांगताना आपण तसंही ‘साठला’ म्हणतोच, तिथे ‘ला’ हवा तेवढा ताणता येतो. म्हणून ओळीचं प्रत्येक टोक ‘ला’वर आणायचं ठरलं. मग गोणपाटावर बसून तुम्ही फळ हातात घेतलंत. खवल्यांच्या मधल्या खाचा रुंदावून पिवळसर पांढऱ्या झाल्या होत्या, म्हणजे डोळा उघडलेला, दोन दिवसांत पिकणारं फळ. तुम्ही फळाकडे बघतच म्हणालात:

“डोळा उघडला, गर भरला,
अर्धा किलो साठला!”

पहिल्या ओळीत जे म्हटलंय ते गिऱ्हाईक टोपलीत बघून पडताळू शकतं, हे मला फार आवडलं. उगाच साखरेहून गोड वगैरे नाही. फळाचं नावसुद्धा त्यात नाही. मी विचारलं तर म्हणालात, नाव कशाला, ढीग दिसतोय की! लांबच्याला भाव कळू दे, जवळ आला की फळ दिसेल. (इथे मी थोडी तुमच्याविरुद्ध गेले. तीन-चार आरोळ्यांमागे एकदा आधी “सीताफळाऽऽ” अशी हाक टाकते. जिन्यामागून येणाऱ्यांना ढीग दिसत नाही.)

संध्याकाळी फळ मऊ पडायला लागतं, भाव उतरवावा लागतो. तेव्हा फक्त साठच्या जागी पन्नास. मात्रा वाढते, पण ‘किलो’ जरा घाईत म्हटलं की ताल बसतो. बाकीची आरोळी जशीच्या तशी, म्हणून जीभ अडखळत नाही. पलीकडच्या रांगेत काहींनी रेकॉर्ड केलेले भोंगे लावलेत. ते दुपारचाच भाव रात्री आठपर्यंत ओरडतात आणि समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी थांबत नाहीत. चार भोंगे एकदम लागले की एकाचंही कळत नाही.

तुम्ही थांबायलाही शिकवलंत. समोरचा कोथिंबीरवाला श्वास घ्यायला थांबला की त्या फटीत आपली ओळ टाकायची. बस निघत असेल तर ती जाऊ द्यायची. तोंड शेजाऱ्याकडे नाही, माणसं जिथून आत येतात तिकडे. पोटातून श्वास, एका श्वासात एक आरोळी, आणि घसा खरवडायला लागला की आवाज वाढवायचा नाही, चार आरोळ्या गाळायच्या. मी सुरुवातीला सासऱ्यांसारखा जाड आवाज काढायचे. तुम्ही म्हणालात, इंजिनाची घरघर जाडच असते, तुझा बारीक आवाज तिच्यावरून जाईल, तो कशाला दाबतेस? त्या हंगामात पहिल्यांदा माझा घसा दिवाळीपर्यंत टिकला.

आता पेरूची आरोळी मी स्वतः बांधली आहे. पेरू शब्दच ‘ऊ’वर संपतो, म्हणून त्याला मध्ये दडपला:

“चिरला, मीठ-तिखट लावला,
पेरू अर्धा चाळीसला!”

चाळीसमध्येही ‘ईस’ आहे, पण आधीचा ‘चा’ दणकून जातो आणि वीस-तीसपेक्षा लांबी वेगळी, त्यामुळे अजून कुणी विसाची नोट काढलेली नाही. मावशीने तोंडाशी उभं राहून ऐकलं, तिला नीट कळलं.

अडलंय ते द्राक्षांपाशी. ‘द्रा’ छान सुटतो, पण पुढचा ‘क्षं’ फुसकन विझतो, आणि मण्याला गोडी आहे हे ‘ला’वर संपवायला मला अजून नीटसं सापडत नाही. “घड उतरला, मणी भरला” इथवर आले आहे, पण ‘भरला’ सीताफळात झालाय, गिऱ्हाईक गोंधळेल. संक्रांतीनंतर माल सुरू होईल. त्याआधी गावाहून आलात तर गाडीतळाच्या बाजूने या आणि येताना तिथूनच ऐका. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
शेजारच्या गाळ्यावरची फळवाली