वजन वाढतंय, पण उंची का थांबली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांमधील लठ्ठपणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मोबाइल, वडापाव, मैदानांचा अभाव ही कारणं खरीच आहेत. पण त्या लेखात मुलांच्या उंचीचा उल्लेख कुठेच नव्हता, म्हणून हे पत्र. नुसतं जास्त खाऊन जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असतं. वाढीच्या वयात वजन वाढत असताना उंची थांबली, तर मात्र दोष बहुधा खाण्याचा नसतो.

माझ्याकडे पाचवीतली एक मुलगी आली होती. आईला तिची उंची आठवत नव्हती, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. तिसरीत १२४ सेंटिमीटर आणि २४ किलो, चौथीत १२६ आणि ३१, पाचवीत १२७.५ आणि ४०. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढायला हवी. दोन वर्षांत तिची साडेतीनच वाढली होती आणि वजन १६ किलोंनी चढलं होतं. चेहरा गोल आणि लालसर, पाठीवर बारीक लव, कपाळावर पुटकुळ्या, रक्तदाब वाढलेला. घरात तिचा भात बंद झाला होता, वर्गात तिला चिडवत होते आणि ती बिचारी उपाशी राहूनही जाड होत होती.

अशा वेळी आधी थायरॉइड तपासतात, कारण उंची मंदावण्याचं ते अधिक आढळणारं कारण आहे. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा कुणा वैदूच्या पुडीतून स्टेरॉइड पोटात जात नाही ना, हेही खोदून विचारावं लागतं. (तसं आढळलं, तरी औषध मनाने एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं.) हिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत काही मिलिमीटरची, कर्करोग नसलेली गाठ होती. तिच्यातून एसीटीएच हे संप्रेरक अखंड पाझरत होतं आणि त्याच्या हुकमाने मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवत होत्या. हाच कुशिंगचा आजार. अगदी लहान मुलांमध्ये गाठ बहुधा अॅड्रिनलमध्येच असते. जादा कॉर्टिसॉलमुळे चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी साठते. तेच कॉर्टिसॉल हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेतल्या पेशींना वाढू देत नाही आणि वाढीचं संप्रेरकही दाबतं. म्हणून मूल आडवं वाढतं, उभं वाढत नाही.

निदान चुकतं ते बहुधा सकाळच्या रक्ततपासणीत. कॉर्टिसॉल निरोगी माणसातही सकाळी जास्त असतं आणि मध्यरात्री अगदी कमी होतं. या आजारात रात्रीची ही उतरण नाहीशी होते, त्यामुळे सकाळचा एकच आकडा नॉर्मल आला तरी तो काही सांगत नाही. मध्यरात्रीचं रक्त किंवा लाळ, चोवीस तासांची लघवी आणि डेक्सामेथासोन देऊन कॉर्टिसॉल दबतं का हे पाहणं, या तपासण्या खऱ्या उपयोगाच्या. कॉर्टिसॉल जास्त आहे हे ठरल्यावरच एमआरआय करावा. गाठ इतकी लहान असते की कधी कधी त्यातही दिसत नाही.

तिची गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढली. त्यानंतरचा काळ पालकांना नीट समजावून सांगावा लागतो. पियूषिकेतल्या इतके दिवस दबलेल्या निरोगी पेशी लगेच कामाला लागत नाहीत, म्हणून कॉर्टिसॉलची उणीव भरून काढायला बरेच महिने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ताप आला तर डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे डोस वाढवायचा, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तातडीने इंजेक्शन द्यायचं. तिचा चेहरा काही महिन्यांत ओसरला, उंचीही पुन्हा वाढू लागली. पण गेलेली उंची सगळी भरून येतेच असं नाही. निदान जितकं उशिरा, तितकं नुकसान जास्त.

हा आजार दुर्मीळ आहे. प्रत्येक गुबगुबीत मुलाचं कॉर्टिसॉल तपासत सुटणं चूक ठरेल. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २००८ च्या सूचनांतही, वजन चढतं आणि उंची वयाच्या मानाने मागे पडते अशाच मुलांची तपासणी करायला सांगितलं आहे.

ही मुलं हेरण्याची सोय आपल्या शाळांत आहेच, कारण प्रगतिपुस्तकात उंची-वजन लिहिलं जातं. फक्त ते आकडे कुणी मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहत नाही. शिक्षण विभागाने उंचीच्या रकान्याशेजारी गेल्या वर्षीची उंची लिहायला जागा द्यावी, ही विनंती. पाच वर्षांवरच्या, अजून वयात न आलेल्या मुलाची उंची वर्षात चार सेंटिमीटरहून कमी वाढली असेल आणि वजन मात्र झपाट्याने चढत असेल, तर वर्गशिक्षकांनी पालकांना आहाराचा सल्ला देण्याआधी ते दोन्ही आकडे घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावं.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सांगली