बीटीचे बावीस ठिपके आणि सीटीचा एक धागा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या आरोग्य पुरवणीतला डेंग्यूवरचा लेख वाचला, लेख चांगलाच आहे, पण "प्लेटलेट्स कमी झाल्या की रक्त गोठत नाही" असं त्यात लिहिलंय ते बरोबर नाही आणि ही चूक मी लॅबमध्ये 31 वर्षं रोज ऐकली म्हणून आज लिहायलाच बसलो. प्लेटलेट्स कमी झाल्या तर रक्त थांबायला वेळ लागतो. गोठणं वेगळं. हा फरक न कळल्यामुळे आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे तीन-चार वर्षं हाल झाले, तेच सांगतो.

मुलगी सतरा वर्षांची. दाढ काढली तर दवाखान्यातल्या खुर्चीतच रक्त थांबेना, कापूस दाबून घरी पाठवलं, तरी रात्रीपर्यंत झिरपतच होतं. पाळीचा त्रास तर सुरुवातीपासूनच, सात-आठ दिवस, हिमोग्लोबिन साडेआठ. तिच्या आईने सगळे रिपोर्ट जपून ठेवले होते, प्लेटलेट 2 लाख 60 हजार, गोठण्याच्या टेस्टपैकी पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल, आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, "रक्त नीट गोठतंय, मुलगी नाजूक आहे". एक दिवस ती काकू फाइल घेऊन माझ्याकडे आली की भाऊ तुम्ही तरी बघा. मी म्हटलं काकू, हिची बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला किती वेळ लागतो आणि गोठायला किती ती टेस्ट, कुणी केली का? नव्हती केली, आता ती जुनी टेस्ट म्हणून बऱ्याच ठिकाणी बंदच झालीय.

जुन्या लॅबमध्ये जाऊन मीच केली. बीटीमध्ये बोटाला लॅन्सेट टोचायचं, घड्याळ लावायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला फिल्टर पेपरने वर आलेला थेंब तेवढा टिपायचा, जखमेला कागद लावायचा नाही. का नाही, त्यातच सगळी गोष्ट आहे. बारीक रक्तवाहिनी फाटली की ती आधी आकसते आणि आतल्या अस्तराखालचं कोलॅजेन उघडं पडतं, रक्तातला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचा लांबलचक प्रोटीन त्या कोलॅजेनला चिकटतो आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने दोरीसारखा उलगडतो, मग धावत चाललेल्या प्लेटलेट्स त्या दोरीला अडकतात. अडकल्या की त्यांचा आकार बदलतो, गोल चकतीला जणू पाय फुटतात, आणि त्या आतून एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन सोडतात म्हणजे बाकीच्या प्लेटलेट्सना हाकच मारतात. आलेल्या प्लेटलेट्स एकमेकींचा हात धरतात तो फायब्रिनोजेनच्या मदतीने, इथे फायब्रिनोजेन अजून विरघळलेलाच असतो, त्याचा धागा झालेला नसतो. हा झाला प्लग, दोन-तीन मिनिटांत तयार होतो पण मऊ असतो, कागद घासला तर निघून येतो आणि बीटी खोटीच वाढते.

नॉर्मल माणसाचे कागदावरचे ठिपके लहान लहान होत जातात आणि सहाव्या-सातव्या ठिपक्यापर्यंत संपतात. या मुलीचे मी मोजले, बावीस. म्हणजे अकरा मिनिटं, आणि पंधराव्या ठिपक्यापर्यंत त्यांचा आकारही कमी झाला नव्हता.

त्याच बोटाचं रक्त काचेच्या केशनळीत भरून ठेवलं होतं, ती सीटी. दर अर्ध्या मिनिटाला नळीचा एक तुकडा मोडायचा आणि दोन तुकड्यांमध्ये धागा ताणला जातो का बघायचं. पाचव्या मिनिटाला धागा आला, अगदी वेळेवर. काकूला तो धागा मी हातात धरून दाखवला, म्हटलं हे खरं गोठणं. इथे काचेचा स्पर्श झाला की रक्तातले गोठवणारे प्रोटीन म्हणजे फॅक्टर एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रोम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनोजेनचे टोकाचे तुकडे कापून त्याचं फायब्रिन करतं, न विरघळणारे धागे, जे मग तेरावा फॅक्टर एकमेकांना पक्के शिवतो. शरीरात ही साखळी काचेने नाही तर जखमेतल्या टिश्यू फॅक्टरने सुरू होते, आणि प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावरच जोर धरते, म्हणजे दोन्ही कामं जोडीने चालतात, पण मोडतात वेगवेगळी.

आता पीटी-एपीटीटी नॉर्मल का आली तेही बघा. त्या टेस्टसाठी निळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी खाली बसवतात आणि फक्त वरचा प्लाझ्मा घेतात. प्लेटलेट्स जवळजवळ सगळ्या काढून टाकलेल्या! त्यांच्या जागी बाहेरून फॉस्फोलिपिड घालतात. मग त्या टेस्टमध्ये प्लगचा दोष दिसणार कुठून? आणि प्लेटलेट काउंट फक्त किती आहेत ते सांगतो, चिकटतात की नाही ते नाही.

मी बीटीचा कागद फाइलला लावून त्यांना रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बीटीवर कुणी निदान करत नाही आणि करूही नये, टोचण्याची खोली बदलली तरी आकडा बदलतो, आठवड्यात एखादी अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तरी वाढतो, कारण प्लेटलेटला केंद्रक नाही, बिघडलेलं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही आणि जुन्या प्लेटलेट्स जाऊन नव्या यायला सात-दहा दिवस लागतात. हिने काही घेतलं नव्हतं, ते मी आधीच विचारलं होतं. पुढे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर मोजला तर 24 टक्के निघाला, दुसऱ्यांदा 26. दोनदा यासाठी की ताप, ताण, गरोदरपण यात तो वाढतो आणि दोष लपतो. दोरीच कमी, प्लेटलेट्स भरपूर असून अडकणार कशाला? हा आजार एरिक फॉन विलेब्रँड यांनी 1926 मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबात पाहून लिहिला, सुरुवात एका पाच वर्षांच्या मुलीपासून, आणि तिथेही लिहिलंय की तिचा गोठण्याचा वेळ नॉर्मल होता.

याच्या अगदी उलट हिमोफिलियाचा एक मुलगा माझ्या लक्षात आहे. त्याचा दात पडला तर रक्त लगेच थांबलं, घरचे निश्चिंत झोपले, आणि पहाटे उशी लाल. त्याचा प्लग छान बसला होता, बीटी नॉर्मलच होती, पण आठवा फॅक्टर नसल्याने वर फायब्रिनची जाळी आली नाही आणि काही तासांनी तो मऊ प्लग सुटला. अशांना गुडघ्यात, स्नायूत आत रक्त साचतं. प्लगचा दोष असेल तर नाक, हिरड्या, पाळी, अंगावर निळे डाग आणि जखम होताक्षणी वाहणं. म्हणून दाताच्या डॉक्टरांनी एवढं जरी विचारलं की मागच्या वेळी रक्त लगेच थांबलंच नाही की थांबून रात्री परत सुरू झालं, तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

त्या मुलीची दुसरी दाढ यंदा काढली, आधीपासून ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देऊन, आणि दुखण्यावर प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणणारं आयबुप्रोफेन न देता पॅरासिटामॉल. अर्ध्या तासात कापूस कोरडा होता, काकू मुद्दाम सांगायला आली होती.

लेखातलं ते वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावं ही विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
निवृत्त लॅब टेक्निशियन, रामबाग, इंदूर