वेल्टेड म्हणून विकलेल्या बुटांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तळ बदलून मिळेल असे सांगून विकलेले बूट चिकटवलेले निघाल्याबाबत

महोदय,

गेल्या वर्षी जूनमध्ये तुमच्या ठाण्यातल्या दुकानातून मी काळे ऑक्सफर्ड बूट ८,४९९ रुपयांना घेतले. खोक्यावर 'गुडइयर वेल्टेड, फुल ग्रेन लेदर' असे छापले होते आणि विक्रेता म्हणाला होता, "सर, सोल झिजला की आमच्याकडे पाठवा, नवीन लावून मिळेल." एवढे पैसे मी त्या एका वाक्यासाठी मोजले.

मी रोज ठाण्याहून ऐरोलीला लोकलने जातो. तेरा महिन्यांत टाच झिजली आणि उजव्या बुटाचा सोल चवड्याजवळ सुटू लागला. तुमच्याकडे पाठवलेले बूट 'या मॉडेलचा सोल बदलता येत नाही' अशी चिठ्ठी लागून तीन आठवड्यांनी परत आले.

मग ते मी स्टेशनजवळ बूट दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवले. त्यांनी सुटलेली कड बोटाने उचलली आणि म्हणाले, "साहेब, ही शिलाई नुसती दिसायला आहे." खरेच, वरून दिसणारा दोरा कडेच्या पट्टीतच संपत होता. खाली सोलवर एकही टाका नव्हता, होता तो वाळलेला गोंद.

खऱ्या वेल्टेड बुटात चामड्याची पट्टी वरच्या चामड्याला आणि आतल्या तळाला शिवलेली असते. बाहेरचा सोल त्या पट्टीला वेगळ्या शिलाईने जोडतात. म्हणून सोल बदलताना ही दुसरी शिलाई उसवली की पुरते, वरच्या चामड्याला हात लावावा लागत नाही. अमेरिकेतली अॅलन एडमंड्स किंवा इंग्लंडमधली क्रॉकेट अँड जोन्स यांसारख्या कंपन्या आपलेच जुने बूट परत घेऊन नवा सोल बसवून देतात, ते या रचनेच्या जोरावर.

चामड्याचीही तीच गत. फुल ग्रेन म्हणजे वरचा नैसर्गिक दाणा न घासलेले चामडे; पाऊल वाकते तिथे त्याला मऊ वळ्या पडतात. माझ्या बुटावर तिथे काळा थर पापुद्र्यासारखा निघाला आहे आणि खाली राखाडी धागे दिसतात. म्हणजे वरचा दाणा घासून काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिलेला आहे. असे चामडे फुटले की सोल कितीही चांगला बसवला तरी बूट वाचत नाही.

चिकटवलेले बूट विकू नका असे माझे म्हणणे नाही. दोन-अडीच हजारांत तसेच बूट मी वर्षानुवर्षे घालत आलो आणि कधी कुरकुर केली नाही. पण त्यांच्यावर खोट्या शिलाईची पट्टी लावून तिप्पट किंमत घेणे ही फसवणूक आहे.

मला पूर्ण रक्कम परत हवी आहे आणि खोक्यावरचा मजकूर बदलल्याचे लेखी उत्तर हवे आहे. बिल, तुमची चिठ्ठी आणि सुटलेल्या कडेचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवेन.

आपला,
एक ग्राहक, ठाणे पश्चिम